पंधरा लाखांचा दोर

१२ मे, गुरुवार. सकाळी डाव्या गुडघ्याला शेक. दहा वाजता दोरखंडाच्या कारखान्यात. मागे मागे जात केलेला हिशोब सुताचा जुळला, दोराचा जुळला नाही. फरक पंधरा लाख. मालकांना आज सांगायला नको होते, सांगून बसले. ताईचा चष्मा तासभर शोधला. फ्रीजमध्ये दह्याच्या भांड्यामागे सापडला. जेवण अर्धे टाकले.

एवढे लिहून बाईंनी पेनाचे टोपण लावले आणि वही मिटली. मिशनच्या शाळेत सिस्टरांनी वळवून घेतलेले अक्षर एकसष्टाव्या वर्षीही तसेच होते, मात्र हल्ली ओळीच्या शेवटाला ते खाली उतरायचे. हात दमला की अक्षरही दमते, असे त्यांना वाटे.

कारखान्यात त्यांना सगळे ऑडिटरबाई म्हणत. नवरा जाऊन नऊ वर्षे झाली होती. मूलबाळ नव्हते. थोरली बहीण, शाळेतून निवृत्त झालेली, त्यांच्याकडेच राहत होती. पूर्वी बाईंच्या हाताखाली तीन माणसे होती. आता समोरची खोली, एक संगणक, दोन लोखंडी कपाटे आणि अकरा अशिले एवढाच पसारा राहिला होता. अकरांपैकी दहा छोटी दुकाने. दोरखंडाचा कारखाना हे एकच मोठे काम, आणि ते मागच्या सप्टेंबरात आपल्या पायांनी चालत दारात आले होते.

कारखान्याचे आधीचे ऑडिटर म्हणजे बाईंचे सर. बाई कॉलेजातून बाहेर पडल्या तेव्हा सरांच्या ऑफिसात तीन वर्षे उमेदवारी करून शिकल्या होत्या. बेरजेखाली दोन रेघा कशा ओढायच्या इथपासून अशिलाने चहा पाजला तरी प्रश्न कसा विसरायचा नाही इथपर्यंत सगळे त्यांनीच शिकवले. सर ब्याऐंशीव्या वर्षापर्यंत काम करत राहिले. जूनमध्ये त्यांनी कारखान्याच्या हिशोबांवर सही केली आणि जुलैत गेले.

नेमणुकीचे पत्र हातात पडल्यावर बाईंनी पहिले काम केले ते सरांच्या घरी जाण्याचे. नव्या ऑडिटरने जुन्याचे कागद बघायला मागायचे असतात. गेल्या वर्षी काय तपासले, कसे तपासले, कुठे शंका आली, हे त्यात असते. दार सरांच्या सुनेने उघडले.

"मावशी, कागद कुठले आता?" ती म्हणाली. "ऑफिसची जागा भाड्याची होती. महिनाअखेर रिकामी करून मागितली. अकरा पोती निघाली. सगळी रद्दीवाल्याला दिली. तो म्हणाला, लगद्याला जातात."

"एकही फाइल ठेवली नाहीस?"

"त्यांचा फोटो ठेवलाय." तिने भिंतीकडे बोट केले. "मला काय माहीत, मावशी, की त्याचं कुणाला काही काम असेल. दहा वर्षांत कुणी मागायला आलं नव्हतं."

त्या पोरीला दोष देण्यात अर्थ नव्हता. बाई भिंतीवरच्या फोटोला नमस्कार करून परत आल्या.

त्या संध्याकाळी ताईने विचारले होते, "एवढं काय बिघडलं? यंदाचे हिशोब तुला तपासायचेत ना? मग गेल्या वर्षीचं गेलं खड्ड्यात."

"तसं नसतं ताई. यंदाचा नफा काढायचा तर वर्ष सुरू झालं तेव्हा गोदामात किती माल होता ते आधी खरं हवं. तो आकडा फुगलेला असला की यंदाचा खर्च फुगतो आणि नफा तेवढा आटतो. कमी लिहिलेला असला की उलट."

"म्हणजे दुसऱ्याने मांडलेल्या पाटावर तू जेवायला बसलीस."

"आणि पाटाखाली काय आहे ते बघायची सोय नाही."

पण कागद नाहीत म्हणून हात टेकायचे नसतात, हेही सरांनीच शिकवलेले. सुरुवातीची शिल्लक दुसऱ्या वाटांनी तपासता येते. हिवाळाभर बाई आठवड्यातून दोन दिवस कारखान्यात जात आणि एकेक रक्कम मार्गी लावत. गिऱ्हाइकांकडून येणे? ते पैसे पुढच्या तीन-चार महिन्यांत बँकेत जमा झालेले दिसले, म्हणजे येणे खरे होते. देणे? वर्ष सुरू झाल्यावर जी बिले भागवली त्यांत जुनी कोणती ते पाहिले, सूतवाल्यांची खाती मागवून ताडून घेतली. कर्जाचा आकडा थेट बँकेकडून लेखी मागवला. यंत्रांची जुनी बिले काढली आणि प्रत्येक यंत्रासमोर उभे राहून त्याचा नंबर वाचला. ज्या ज्या बिलाची खात्री पटली त्यावर हिरव्या पेनाने छोटीशी खूण.

राहिला तो माल. मालाला बँक नसते. वर्षाच्या पहिल्या दिवशी गोदामात जे होते ते विकून, वापरून कधीच संपलेले. आणि कारखान्याच्या हिशोबात फक्त एक ओळ होती : शिल्लक माल चौऱ्याऐंशी लाख, त्यात सूत अडतीस, यंत्रांवरचा चार, तयार दोर बेचाळीस. बाईंनी अकाउंटंटकडे यादी मागितली.

"यादी सरांकडे असायची," तो म्हणाला. तो पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा माणूस. कशालाही चटकन नाही म्हणायचा नाही, पण काही द्यायचाही नाही. "मोजणीचे कागद ते घेऊन जायचे, घरी बसून किमती लावायचे आणि आम्हाला चिठ्ठीवर आकडा पाठवायचे. आम्ही तो पुस्तकात मारायचो."

"तुम्ही स्वतः यादी करत नव्हता?"

"सर करत होते ना!" त्याला प्रश्नच कळला नाही.

हिशोब कारखान्याचा, तो कारखान्यानेच करायचा आणि ऑडिटरने फक्त तपासायचा. पण लहान कारखान्यांत ही रेघ वर्षानुवर्षे पुसट होत जाते. कुणीतरी म्हातारा माणूस प्रेमाने दुसऱ्याचे काम अंगावर घेतो आणि मग ते त्याचेच होऊन बसते. सरांनी तसे करावे, याचे बाईंना वाईट वाटले. पण सरांना कुणाला नाही म्हणता यायचे नाही.

मग एकच वाट उरली, मागे चालत जायची. यंदाच्या ३१ मार्चला बाईंनी अर्धा दिवस कारखाना बंद ठेवायला लावला आणि स्वतः उभे राहून सगळा माल मोजून घेतला. मालक बराच कुरकुरला होता. त्या मोजलेल्या मालात वर्षभरात बाहेर गेलेला माल मिळवायचा, वर्षभरात आलेला आणि तयार झालेला वजा करायचा. उरेल तो वर्षाच्या पहिल्या दिवशीचा माल. ऐकायला सोपे. बारा महिन्यांची गोदामाची कार्डे, चलने आणि उत्पादनाच्या वह्या घेऊन बसले की डोळ्यांपुढे काजवे चमकतात.

सूत अडतीस लाखांचे निघाले. यंत्रांवर अर्धवट वळलेला माल चार लाखांचा. तयार दोर सत्तावीस लाखांचा. एकूण एकोणसत्तर. पुस्तकात चौऱ्याऐंशी.

बाईंनी बेरीज तीनदा केली. मग जिन्याने खाली उतरताना समोरून मालक आला. "काय मॅडम, संपलं का एकदाचं?" असे त्याने हसत विचारले आणि गुडघ्याची कळ, रिकामे पोट, उन्हाचा तडाखा या सगळ्यांत बाईंच्या तोंडून निघून गेले, "पंधरा लाखांचा दोर लागत नाही."

मालकाचे हसू तिथेच थांबले. चाळिशीचा, वडिलांच्या खुर्चीत चार वर्षांपूर्वी बसलेला माणूस. त्याने बाईंना केबिनमध्ये नेले, दार लावले आणि बोट खाली गोदामाच्या दिशेने केले.

"काटेकाका. आमचे स्टोअरकीपर."

"मी तसं काही म्हटलेलं नाही."

"तुम्ही कशाला म्हणाल! वर्षाच्या सुरुवातीला चौऱ्याऐंशीचा माल. सरांनी सही केलेला आकडा. आता हिशोबाने पंधराचा कमी. चावी कुणाकडे? त्यांच्याकडे. चौतीस वर्षं वडिलांनी डोळे मिटून चावी दिली."

"फरक दोन प्रकारांनी येतो," बाई म्हणाल्या. "वर्षात माल गेला असेल, किंवा सुरुवातीचा आकडाच चुकलेला असेल. माझ्या या हिशोबावरून त्यातलं कुठलं खरं ते कळत नाही."

"सर चुकतील?" मालक म्हणाला. "तुमचेच सर ना ते?"

बाईंनी हातातले कागद नीट जुळवले.

"ऑगस्टमध्ये काका निवृत्त होतायत. मी त्यांना एवढी मोठी रक्कम मोजायची, आणि हे? नाही. यंदाच्या हिशोबात 'गोदामातील तूट' म्हणून पंधरा लाख दाखवा, मी त्यांचं देणं थांबवतो. पोलिसांत जात नाही, वडिलांकडे बघून. सोमवारी त्यांना सांगणार आहे."

"सोमवारपर्यंत मला वेळ द्या."

"बँकेला महिनाअखेर रिपोर्ट हवाय, मॅडम. नव्या यंत्राचं कर्ज त्यावर अडलंय. घ्या वेळ, पण कोरा रिपोर्ट घेऊन या, एकही शेरा नसलेला."

तेव्हा गुरुवारच्या डायरीत 'सांगून बसले' ही दोन शब्दांची ओळ म्हणजे हे सगळे होते. चाळीस वर्षे कामात मुरलेल्या बाईने अर्धवट आकडा जिन्यात सांडावा आणि त्यावर एका माणसाची चौतीस वर्षे घसरून पडावीत. रात्रभर त्या या कुशीवरून त्या कुशीवर होत होत्या.

शुक्रवारी सकाळी ताई म्हणाली, "तोंड बघ तुझं. जणू तूच चोरलास दोर."

"जवळजवळ."

"मग दे परत आणि मोकळी हो," म्हणत ताईने चहाचा कप पुढे सरकवला. तिला कमी ऐकू यायचे, पण जे ऐकू यायचे ते बरोबर जागी लागायचे.

गोदाम कारखान्याच्या मागच्या बाजूला होते. उंच पत्र्याचे, आत कायम सुताचा आणि तेलाचा वास. दोराची मोठाली लाकडी रिळे भिंतीशी उभी. मधोमध वजनकाटा आणि त्याच्या शेजारी स्टुलावर स्टोअरकीपर. येणारी-जाणारी प्रत्येक गोष्ट, अगदी सुताचा गुंता झालेला पुंजकासुद्धा, काट्यावर ठेवल्याशिवाय ते हलू देत नसत, म्हणून काटेकाका. एकदा मालकाच्या लहान मुलालाही त्यांनी काट्यावर बसवून वजन लिहून ठेवले होते, असे हमाल सांगत.

"या बाई," ते उठून उभे राहिले. "आज परत? परवा म्हणालात ना, माझी कार्डं झाली तपासून."

"कार्डं झाली. मला दुसरंच विचारायचंय. बसा ना."

"तुम्ही बसा. माझं आयुष्य गेलं या स्टुलावर, एक दिवस तुम्ही बसा."

बाई बसल्या. काकांना काही ठाऊक नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होते. ते अजून तीन महिन्यांनंतरच्या गोष्टी बोलत होते. मुलीकडे जायचे, सकाळी उठायची घाई नाही, वगैरे. बाईंनी पर्समधून वही काढली आणि जो प्रश्न सप्टेंबरातच विचारायला हवा होता तो विचारला.

"काका, सर असताना वर्षाची मोजणी कशी व्हायची? पहिल्यापासून सांगा. मी नवीन आहे असं समजून."

"कशी म्हणजे? रविवारी."

"कुठल्या रविवारी?"

"मार्चअखेरच्या आधीचा जो असेल तो. रविवारी कारखाना बंद, सगळं जागच्या जागी. थोरल्या मालकांनी सांगून ठेवलेलं, मोजणीसाठी कामाचा दिवस बुडवायचा नाही. गेल्या वर्षी अठ्ठावीस तारीख आली होती. यंदा तुम्ही एकतीसलाच मोजलंत, मला वाटलं, बाईंची नवी पद्धत."

बाईंचे पेन थांबले. "आणि अठ्ठावीस ते एकतीस या तीन दिवसांत जे आलं-गेलं त्याचं?"

"ते सर धरायचे. मी कच्ची यादी द्यायचो, मग एक तारखेला फोनवर त्यांना तीन दिवसांचं सांगायचो. एवढं सूत यंत्रावर गेलं, एवढा दोर तयार झाला. ते लिहून घ्यायचे आणि मग आकडा काढायचे."

"आणि एवढा दोर बाहेर गेला, हेही?"

"ते आम्ही कशाला सांगू? बाहेर गेलेल्याचं बिल ऑफिसात असतं. ते अकाउंटंटसाहेब सांगायचे." काकांनी ऑफिसच्या दिशेने पाहिले. "सांगत असतील."

गोदामाबाहेर कुणीतरी हातगाडी ढकलत नेली. तिचे चाक करकरत होते.

"गेल्या वर्षी त्या तीन दिवसांत मोठा माल कुठला गेला होता का?"

"गेला की! गोदीचा. जहाज बांधायचे जाड दोर, एकोणीस रिळं. दोन ट्रक. तीस तारखेला, मंगळवारी. सकाळी सातपासून भरत होतो, माझी कंबर त्या दिवसापासून धरलीय ती सुटली नाही."

"अठ्ठावीसच्या मोजणीत ती रिळं होती?"

"होती म्हणजे! ही इथं, दारातच रचून ठेवली होती. मीच मोजली."

"तुमच्याकडे त्या कच्च्या यादीची नक्कल आहे?"

काका हसले. एवढ्या वेळात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर थोडा ताठा आला. "मूळ यादी सर न्यायचे. कार्बन माझ्याकडे. कुणी मागत नाही, पण मी ठेवतो. उद्या कुणी म्हटलं की काका, तुमच्या वेळचं दाखवा, तर दाखवायला हवं."

त्यांनी पत्र्याच्या पेटीतून दोऱ्याने बांधलेली वह्यांची चवड काढली. कार्बनची निळी अक्षरे फिकट झाली होती, पण वाचता येत होती. मोजणीच्या तारखेखाली काकांची सही आणि तिच्याशेजारी सरांची, थरथरती, शेवटचे अक्षर रेघेबाहेर गेलेले. अठ्ठावीस मार्च. त्या वर्षी सरांचा हात असा कापत होता हे बाईंना ठाऊक नव्हते. भेटायला जायचे जायचे म्हणत राहिल्या होत्या.

दुपारभर त्या तिथेच बसल्या. एकेका रिळाला त्या वेळची किंमत लावली. अठ्ठावीस तारखेचा तयार दोर चाळीस लाख वीस हजार. तीन दिवसांत तयार झाला तो एक लाख ऐंशी हजार. मिळून बेचाळीस. सुतातून तीन दिवसांचे यंत्रावर गेलेले वजा केले तर बरोबर अडतीस, आणि यंत्रांवरचे चार. बेचाळीस, अडतीस, चार : चौऱ्याऐंशी. कुणी खुणेची चिठ्ठी ठेवून जावे तसा आकडा समोर आला. सरांनी सूत वजा केले होते, नवा दोर मिळवला होता, आणि दोन ट्रक विसरले होते. गोदीचा तो माल उत्पादनखर्चाच्या किमतीने चौदा लाख साठ हजारांचा. तो वजा केला की चौऱ्याऐंशीचे एकोणसत्तर लाख चाळीस हजार राहत होते. बाईंनी मागे चालत काढलेल्या आकड्याहून चाळीस हजार जास्त. एवढ्या मोठ्या साठ्यात तेवढे इकडेतिकडे व्हायचेच. ओल्या हवेत दोर वजन घेतो.

पण एका माणसाच्या वहीवर आणि आठवणीवर उभे राहायचे नसते, विशेषतः ज्याच्यावर आळ आहे त्याच्या. शनिवारी बाईंनी फाटकावरची वही काढायला लावली. ती पहारेकऱ्यांच्या हातची. तीस मार्च, दोन ट्रक, एक सात चाळीसला आणि एक नऊ दहाला. मग डिलिव्हरी चलन, त्यावर गोदीचा माल पोचल्याचा शिक्का, त्याच तारखेचा. मग बिल, तेही तीस मार्चचे, म्हणजे विक्री गेल्या वर्षात धरलेली. गोदीच्या स्टोअरला फोन करून त्यांच्या नोंदीची प्रत मागवली, ती दुपारी आली.

बिल उलटून पाहिले तर कोपऱ्यात हिरवी खूण होती. स्वतः बाईंची. डिसेंबरात त्यांनी हेच बिल येण्याच्या यादीतून काढून तपासले होते : पैसे मे महिन्यात बँकेत आले, येणे खरे, खूण. त्या वेळी बिलावरची तारीख त्यांनी वाचली होती आणि पुढे गेल्या होत्या. एकच माल एकदा येण्यात आणि एकदा गोदामात, दोन्हीकडे धरला गेला होता, आणि त्याच्या एका टोकाला त्या पाच महिन्यांपूर्वी हात लावून आल्या होत्या.

बाईंनी खुर्चीला पाठ टेकवली. चिडायलाही अंगात जोर लागतो.

सोमवारी मालकाच्या केबिनमध्ये अकाउंटंटही होता. बाईंनी कागद टेबलावर एकामागे एक ठेवले आणि वाचून दाखवले. शेवटी अकाउंटंटकडे वळल्या.

"गेल्या वर्षी एक तारखेला सरांना गोदीच्या मालाचं सांगितलं होतंत?"

"म्हणजे ते दरवर्षी फोन करून विचारायचे," तो म्हणाला. "गेल्या वर्षी फोन आला नाही. मला वाटलं, काकांनी सांगितलं असेल."

"आणि काकांना वाटलं तुम्ही सांगितलं असेल."

तो टेबलावरच्या काचेकडे बघत राहिला. मालकाने चलन पुन्हा उचलून वाचले. मग म्हणाला, "बरं. काकांनी घेतला नाही. मान्य. मग आता असं करा ना मॅडम, ती तूट म्हणू नका. 'किरकोळ फरक' म्हणा आणि यंदाच्याच खर्चात राहू द्या. गेल्या वर्षीच्या कागदांना हात लावू नका."

"पंधरा लाख किरकोळ नाहीत. आणि ते यंदाचे नाहीतच. गेल्या वर्षीचा नफा तुम्ही बावीस लाख दाखवलाय, तो साडेसात होता. यंदाचा तेवढ्याने कमी दिसतोय, तो वाढेल. तुमचं नुकसान कुठे आहे यात?"

"बँक!" त्याने टेबलावर हात आपटला, पण जोरात नाही. "त्या बावीस लाखांवर त्यांनी कर्जाची मर्यादा वाढवून दिली. आता मी सांगायला जाऊ, की साहेब, चुकलं? ते म्हणतील, आधी जुनी मर्यादा बघू, नव्या यंत्राचं मागाहून. माझ्या सहीचा हिशोब आहे तो."

"सरांच्याही सहीचा आहे."

"तुम्हाला काहीच वाटत नाही, सरांचं नाव असं..."

"वाटतं," बाई म्हणाल्या. "म्हणून तर दोन दिवस उशीर झाला. नाहीतर शनिवारीच आले असते."

मालकाने काचेतून खाली पाहिले. गोदामाच्या दारात काका सुताच्या गठ्ठ्यावर चिठ्ठी लावत होते.

"मी दुरुस्त नाही केलं तर?"

"तर मी रिपोर्टात लिहीन, की सुरुवातीच्या मालाचा आकडा चौदा लाख साठ हजारांनी जास्त आहे आणि म्हणून यंदाचा नफा चूक आहे. तो रिपोर्ट बँकेला चालणार नाही. दुरुस्त केलंत, तर गेल्या वर्षीचे आकडे बदलून शेजारच्या रकान्यात येतील, खाली टीप येईल का बदलले त्याची. गेल्या वर्षी दुसरे ऑडिटर होते, तेही मी लिहीन, आणि बदल मी तपासलाय हेही. मग यंदाचा रिपोर्ट कोरा. तुम्ही ठरवा. हिशोब तुमचे आहेत."

"गोड बोलून गळा कापता, मॅडम."

"गोड कधी बोलले?"

अकाउंटंट हसला आणि मालकाचा चेहरा बघून खोकला. मालकाने मान खाली घातली, कागदांची चवड आपल्याकडे ओढली. वडिलांची खुर्ची त्याला थोडी मोठीच होती, हे बाईंना त्या वेळी पहिल्यांदा दिसले.

"करा दुरुस्त," तो शेवटी अकाउंटंटला म्हणाला. मग बाईंकडे न बघता, "पुढच्या वर्षी मात्र आम्ही दुसरं कुणी बघू."

"बघा." अकरातले सगळ्यात मोठे काम गेले, एवढे बाईंच्या लक्षात आले, पण ते बाकी थकव्यातच मिसळून गेले. "काकांचं देणं?"

"देणार, देणार. मी काही बोललोच नव्हतो त्यांना."

तो बोलला नसेल, पण काकांना कळले होते. बाई खाली उतरल्या तेव्हा काका गोदामाच्या दारात त्यांचीच वाट बघत उभे होते. कारखान्यात भिंतींना कान नसतात, अकाउंटंट असतो. शनिवारीच त्यांच्या कानावर गेले होते.

"मिटलं म्हणे," ते म्हणाले.

"मिटलं. तुमच्या कार्बनमुळे."

"हं." त्यांनी काट्याच्या पारड्यावरची धूळ हाताने झटकली. "चौतीस वर्षं. मालक वरून खाली एकवीस पायऱ्या उतरून आले असते तर दोन मिनिटांत सांगितलं असतं, की रिळं कुठं गेली. त्यांनी विचारलं नाही." मग त्यांनी बाईंकडे पाहिले. रागाने नव्हे. "तुम्हीही आधी त्यांनाच सांगितलंत. मला नंतर विचारलंत."

"हो," बाई म्हणाल्या. "चुकलं माझं."

काकांनी मान हलवली की नुसती मानेवरची माशी उडवली, ते कळले नाही. आतून कुणीतरी हाक मारली, सुताची गाडी आली होती, आणि काका काटा शून्यावर आहे का ते बघायला वळले. बाई थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग बसस्टॉपपर्यंत चालत गेल्या, कारण रिक्षा दिसत नव्हती, आणि गुडघ्याला विचारून उपयोग नव्हता.

महिनाअखेर रिपोर्ट गेला. बँकेने यंत्राचे कर्ज मंजूर केले, मागितल्याच्या निम्मे. उरलेल्याचे पुढच्या वर्षी बघू म्हणाले. काकांना ऑगस्टमध्ये त्यांचा चेक मिळाला, पूर्ण रकमेचा. निरोपाला बाईंना बोलावणे नव्हते. हे सगळे पुढचे.

त्या सोमवारी मात्र बाई साडेपाचला घरी पोचल्या. ताईने दार उघडले, तोंडाकडे बघितले आणि पंखा एकने वाढवला. बाईंनी हातपाय धुतले, चहा घेतला, खिडकीशी बसून वही उघडली. कारखान्याबद्दल चार ओळी लिहिल्या. 'काकांना आधी विचारायला हवे होते' ही त्यातली तिसरी. मग उजेड आहे तोवर उरलेले लिहून टाकले :

उशांचे अभ्रे धुतले. दोन उसवलेले निघाले. एक ताईने शिवला, दुसऱ्याला पांढरा दोरा पुरला नाही.